न दिलेला शह

बुद्धिबळाचा पट जवळ असेल तर तो मांडून घ्या. डावीकडून उजवीकडे ए ते एच असे उभे पट्टे आणि पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशा आडव्या रांगा. पांढऱ्याचा राजा जी१ वर, वजीर डी२ वर, हत्ती ई४ वर आणि प्यादी एफ२, जी२, एच२, एफ६ या घरांत. काळ्याचा राजा एच८ वर, वजीर बी७ वर, हत्ती एफ८ वर आणि प्यादी ए७, बी६, एफ७, जी६, एच७ इथे. खेळी पांढऱ्याची आहे. त्याला तीन चालींत मात करायची आहे. म्हणजे तीन चाली त्याच्या स्वतःच्या, आणि मधल्या दोन चालींत काळ्याने काहीही केले तरी सुटका होता कामा नये.

अशी कोडी सोडवताना बहुतेक जण आधी शह शोधतात, आणि त्याला कारणही आहे. शह दिला की समोरच्याला उत्तर द्यावेच लागते, त्याच्यापुढे पर्याय थोडे उरतात आणि हिशेब सोपा होतो. पण या पटावर शह शोधून पाहा. वजीर एच६ वर नेला तर राजासमोर एच७ चे प्यादे उभे आहे. वजीर डी८ वर नेला तर मध्ये काळ्याचा हत्ती आहे. हत्ती एच४ वर नेला तरी तेच एच७ चे प्यादे आड येते. पांढऱ्याला या घटकेला एकही शह देता येत नाही. भरीस भर म्हणजे काळ्याचा वजीर तिरक्या रेषेत ई४ च्या हत्तीवर डोळा ठेवून बसला आहे आणि त्या हत्तीला कुणाचाही जोर नाही. साधा खेळाडू इथे घाईघाईने हत्ती हलवतो आणि मात हातची जाते.

इथे स्वतःला वेगळा प्रश्न विचारावा लागतो: मला लागोपाठ दोन चाली खेळायला मिळाल्या, मधे काळा गप्प बसला, तर मात होते का? एफ६ चे प्यादे जी७ वर जोर धरून आहे. वजीर जी७ वर पोचला तर राजाला त्याला मारता येणार नाही आणि पळायलाही घर उरणार नाही. वजीर तिथे कुठून जाईल? एच६ वरून. म्हणून पहिली चाल वजीर एच६. तिच्यात शह नाही आणि मारामारीही नाही. अशा चालीला शांत चाल म्हणतात. ती शांत असली तरी तिच्या पोटात पुढच्याच चालीला मात आहे, त्यामुळे काळ्याच्या गळ्याला लागलेला फास शहाइतकाच घट्ट असतो.

आता काळ्याच्या बाजूने पाहू. त्याने हावरटपणे ई४ चा हत्ती मारला, तर वजीर जी७, मात. राजा जी८ वर सरकला तरी वजीर जी७, मात. जी६ चे प्यादे पुढे ढकलले तरी तेच. वजिराला सातव्या रांगेतून जी७ राखावेसे वाटेल, पण एफ७ चे त्याचे स्वतःचेच प्यादे वाटेत आहे. जी७ राखणारी एकच चाल उरते: हत्ती एफ८ वरून जी८ वर.

ही चाल काळ्याला वाचवते, पण एका चालीपुरतीच. त्याच्या राजाला लागून असलेले जी८ हे घर आता त्याच्याच हत्तीने भरले आहे. म्हणून दुसरी चाल: वजीर एच७ चे प्यादे मारतो, शह! राजाला वजीर मारावाच लागतो. तिसरी चाल: ई४ चा हत्ती एच४ वर, शह आणि मात. राजा एच७ वर आहे. जी८ वर स्वतःचा हत्ती, जी६ वर स्वतःचे प्यादे, जी७ वर एफ६ च्या प्याद्याचा जोर, आणि एच६, एच८ दोन्ही घरे हत्तीच्या माऱ्यात. वजिराचा बळी डोळ्यांत भरतो, पण काम केले ते पहिल्या चालीने. जी८ घर काळ्याने आपल्या हाताने बंद केले, कारण त्या चालीने त्याला दुसरे काही करूच दिले नाही.

दुसऱ्या चालीला मात्र शांत चालीचा मोह आवरावा लागतो. वजिराचा बळी देण्याऐवजी आधीच हत्ती एच४ वर आणावा आणि मग वजिराने एच७ वर मात करावी, असे वाटू शकते. पण हत्ती ई४ वरून हलला की काळ्याच्या वजिराची तिरकी रेषा मोकळी होते. तो थेट जी२ चे प्यादे मारून शह देतो, पांढऱ्याला राजाने तो वजीर मारावा लागतो, आणि तीन चालींचे गणित मोडते.

शांत चालीतला खरा धोका हाच आहे. शह दिलेला नसतो, त्यामुळे समोरच्याला एक मोकळी चाल मिळते आणि त्या चालीत तो स्वतः शह देऊ शकतो. याच पटावरून काळ्याचे बी६ चे प्यादे उचलून ठेवा, बाकी काही बदलू नका. आता वजीर एच६ खेळलात तर काळ्याचा वजीर मोकळ्या बी पट्ट्यातून बी१ वर येऊन शह देतो. पांढऱ्याच्या राजापुढे त्याचीच तीन प्यादी उभी असल्याने त्याला घर नाही. हत्ती ई१ वर आड आणला तर वजीर तो मारतो आणि मात होते, पांढऱ्याला. एक प्यादे काय ते कमी झाले आणि जिंकणारी चाल हरणारी ठरली. म्हणून शांत चाल सापडली की ती खेळण्याआधी समोरच्याचे सगळे शह एकेक करून मोजावेत. एकही शह नसेल, किंवा असलेल्या शहांना उत्तर देऊनही धमकी टिकत असेल, तरच ती चाल खरी.

प्रत्यक्ष डावातले उदाहरण म्हणून मला नेहमी बॉबी फिशरचा पाल बेन्कोविरुद्धचा डाव आठवतो. ही न्यूयॉर्कमधली १९६३-६४ ची अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा, जी फिशरने अकराच्या अकरा डाव जिंकून संपवली. अठरा चालींनंतर पांढऱ्याचा वजीर एच५ वर होता, उंट डी३ वर आणि काळ्याचा राजा एच८ वर. ई४ चे प्यादे ई५ वर सरकवले की उंटाची रेषा उघडते आणि वजीर एच७ वर मात करतो. धमकी तर तयारच होती. अडचण एवढीच की ई५ खेळताच बेन्को एफ७ चे प्यादे दोन घरे पुढे टाकून ती रेषा पुन्हा बंद करणार होता.

फिशरने एकोणिसाव्या चालीला हत्ती एफ१ वरून एफ६ वर ठेवला, काळ्याच्या जी७ वरच्या उंटाच्या तोंडात. हत्ती तिथे उभा असेपर्यंत एफ७ चे प्यादे हलू शकत नाही. उंटाने हत्ती मारला तर तो उंटच एफ६ वर बसून आपल्या प्याद्याची वाट अडवतो. मग ई५, आणि एच७ वरची मात टळत नाही. एच७ चे प्यादे पुढे सरकवून किंवा घोडा मधे घालून काळ्याला ती थोडी लांबवता येते, तेवढेच.

बेन्कोने हत्ती मारला नाही, राजा जी८ वर नेला. फिशर ई५ खेळला, बेन्कोने एच६ केले. मग फिशरने सी३ चा घोडा, जो डी४ च्या प्याद्याच्या माऱ्यात होता, नुसता ई२ वर घेतला. पुन्हा शांत चाल. आता उंटाने हत्ती मारला तर वजीर एच६ चे प्यादे मारतो, आणि डी६ चा घोडा पळाला तर वजीर एफ५ वर येतो. दोन्हीकडून शेवट एच७ वरच्या मातीत. बेन्कोने डाव तिथेच सोडला. एकवीस चालींच्या त्या डावात फिशरने एकदाही शह दिला नव्हता.