गोळी पेंडीची किती पोती एकदम आणावीत? प्रत्येक दराचा हिशेब करून बघा

"जास्त पोती उचला, दर कमी लावतो," असं पेंडवाला म्हणतो तेव्हा आपलं लक्ष फक्त दराकडे जातं. आज एका गोठ्याचा पूर्ण हिशेब मांडतो. दर उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या दुकानाचे टाकून बघा.

दुभत्या सहा गाई, ५० किलोची महिन्याला २० पोती, म्हणजे वर्षाला २४०. दुकानदाराचे दर असे:
३९ पोत्यांपर्यंत १५०० रुपये
४० पासून १४८० रुपये
१०० पासून १४६५ रुपये

दराशिवाय अजून दोन खर्च आहेत. ट्रॉलीची एक खेप ६०० रुपयांना पडते, मग पोती ३० असोत की १००. (हमाली पोत्यामागे असते, ती कुठल्याही दराला तेवढीच, म्हणून सोडली.) दुसरा खर्च साठवणुकीचा. पैसे अडकले त्याचं व्याज महिन्याला १ टक्का, आणि उंदीर, ओल, सांडलवंड मिळून अजून १ टक्का धरा. म्हणजे १५०० च्या पोत्याला महिन्याला ३० रुपये, वर्षाला ३६०. हा खर्च कुणी पावतीवर लिहून देत नाही, म्हणूनच तो विसरला जातो.

आता मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर २ × २४० × ६०० ÷ ३६० करा. ८०० येतात. त्याचं वर्गमूळ साधारण २८. सवलत नसती तर एका खेपेला २८ च्या आसपास पोती सगळ्यात परवडली असती. आपण सोयीसाठी ३० धरू.

१४८० आणि १४६५ च्या दरानेही हाच आकडा २८-२९ येतो. पण तेवढ्या पोत्यांना ते दर मिळतच नाहीत. अशा वेळी त्या दराची किमान पोती, म्हणजे ४० आणि १००, एवढीच तपासायची. त्याच दरात त्याहून जास्त घेतली तर खर्च वाढतच जातो. गोठ्यात सरासरी निम्मा माल पडून असतो, म्हणून साठवणूक निम्म्या पोत्यांवर काढायची.

३० पोती: माल ३,६०,०००, आठ खेपा ४,८००, साठवणूक ५,४००. एकूण ३,७०,२००.

४० पोती: माल ३,५५,२००, सहा खेपा ३,६००, साठवणूक ७,१०४. एकूण ३,६५,९०४.

१०० पोती: माल ३,५१,६००, खेपा सरासरी २.४ म्हणून १,४४०, साठवणूक १७,५८०. एकूण ३,७०,६२०.

म्हणजे सगळ्यात कमी दराची १०० पोती ही विनासवलतीच्या ३० पोत्यांपेक्षाही महाग पडली! ४० पोत्यांना मात्र वर्षाला ४,२९६ रुपये वाचतात. व्याजाने पैसे काढून पेंड आणत असाल आणि व्याज महिन्याला २ टक्के असेल, तर १०० पोती ४० पेक्षा वर्षाला जवळपास दहा हजारांनी महाग जातात.

घासाघीस करायची असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. या गोठ्यासाठी १०० पोत्यांचा दर १४४६ किंवा त्याखाली आला तरच ती ४० पोत्यांना मागे टाकतात. १४६० ला "अजून पाच रुपये सोडले" म्हटलं तरी भुलू नका.

दुकानदाराला एक गोष्ट आधी विचारून घ्या: १४८० चा दर चाळीसही पोत्यांना आहे, की फक्त चाळिसाव्या पोत्यापासून पुढे? आपण सगळ्या पोत्यांना धरला आहे. पुढच्याच पोत्यांना असेल तर ४० पोत्यांवर जेमतेम २० रुपये सुटतात आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. तोंडी नको, पावतीवर दर लिहून घ्या.

आणि पावसाळ्यात तो १ टक्का नासाडीचा आकडा धरूच नका. १०० पोती म्हणजे पाच महिन्यांची पेंड. ओल लागून बुरशी आली तर तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, ते गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. पेंडीचे गोळे झाले, कुबट वास आला, पोतं हाताला गरम लागलं, तर ते पोतं गव्हाणीत टाकू नका. जून ते सप्टेंबर जागा कोरडी नसेल तर सवलत सोडा आणि २० पोत्यांवरच थांबा. जागा कोरडी असेल तर ४० चालतील, पण थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब लावा आणि आधी आलेलं पोतं आधी फोडा.

तुमच्या गाई, दर आणि खेपेचा खर्च वेगळा असणार, म्हणून ४० हा आकडा उचलू नका, पद्धत उचला. महिन्याची पोती, खेपेचा खर्च आणि दुकानदाराचे सगळे दर याच नंबरवर पाठवलेत तर हिशेब करून देतो.