दुखणं थांबतं की थांबत नाही?

साठीतल्या एका गृहस्थांना तिसऱ्या मजल्यावर चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं. जिन्यात थांबलं की पाच मिनिटांत बरं. सहा महिने अगदी असंच. हा स्थिर अंजायना: हृदयाची धमनी चरबीच्या थरानं अरुंद झालेली, त्यामुळे श्रमात रक्त कमी पडतं, विसाव्यात पुरतं.

मग एका आठवड्यात चित्र पालटलं. पहिल्याच मजल्यावर दुखू लागलं, एकदा तर रात्री झोपेतही. घरच्यांनी ‘गॅस’ म्हणून ओवा दिला. (आपल्याकडे हृदयाचं निम्मं दुखणं गॅसच्या खाती जमा होतं!) हा अस्थिर अंजायना. थर फाटून त्यावर गुठळी धरू लागलेली असते, पण स्नायू अजून मेलेला नसतो. गुठळीनं रक्त इतकं अडलं की स्नायू मरू लागतो. तो हार्ट अटॅक.

शेवटच्या दोघांतला फरक घरी कळत नाही. स्नायू मेला तर ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून पहिला ईसीजी आणि रक्ततपासणी ठीक आली तरी डॉक्टर काही तासांनी तपासणी पुन्हा करतात. आराम करूनही दुखणं थांबत नसेल, घाम सुटला असेल, तर १०८ला फोन करायचा. मधुमेही आणि वृद्धांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसती धाप लागते.