आधी निम्मे, मग पूर्ण, मग उरलेले निम्मे

रुग्णालयात एखाद्या रुग्णाला सलाईनच्या नळीतून औषध सुरू असते. थेंबाथेंबाने ते रक्तात उतरत असते आणि त्याच वेळी यकृत व मूत्रपिंडे ते शरीराबाहेर काढत असतात. काही तासांनी औषधाची पातळी एका जागी स्थिरावते. ती पातळी किती, हे गणिताने काढता येते. पण संगणकाला हे गणित द्यायचे झाले की एक अडचण उभी राहते: आवक आणि निचरा या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू आहेत आणि संगणक मात्र काळाच्या पायऱ्या करून, एका वेळी एक काम करत पुढे सरकतो.

आकडे सोपे घेऊ. समजा, नळीतून ताशी १० मिलिग्रॅम औषध जाते आणि शरीरात असलेले औषध दर तासाला निम्मे होते. यातली फक्त आवक पाहिली तर ती साधी बेरीज आहे. फक्त निचरा पाहिला तर तोही सोपा: तासाला निम्मे. दोन्ही एकत्र आले की कलनशास्त्राची मदत घ्यावी लागते. या छोट्या उदाहरणात ते नेमके उत्तर देऊ शकते: पातळी १४.४३ मिलिग्रॅमवर स्थिरावते. खरे उत्तर हाताशी असल्यामुळेच हे उदाहरण कामाचे आहे. संगणकाची प्रत्येक युक्ती त्याच्याशी ताडून पाहता येते.

सर्वांत सरळ युक्ती अशी. तासाभराची पायरी घ्यायची, आधी तासाची सगळी आवक मिळवायची, मग सगळा निचरा करायचा. दर तासाला १० मिळवा आणि निम्मे करा. असे करत गेले की उत्तर १० वर थांबते, कारण १० अधिक १० म्हणजे २० आणि त्याचे निम्मे पुन्हा १०. आता क्रम उलटा करा. आधी निम्मे, मग १० ची भर. या वेळी उत्तर २० वर थांबते. रुग्ण तोच, औषध तेच, नियमही तेच. फक्त कोणते काम आधी केले यावर उत्तर दुप्पट झाले. आणि दोन्ही उत्तरे १४.४३ पासून बरीच दूर आहेत.

सममित मांडणी इथे कामाला येते. तासाच्या आवकेचे दोन सारखे भाग करायचे. आधी ५ मिळवायचे, मग तासाभराचा पूर्ण निचरा, मग उरलेले ५. पुढून वाचा की मागून, क्रम तोच राहतो. हे उत्तर १५ वर स्थिरावते: १५ अधिक ५ म्हणजे २०, त्याचे निम्मे १०, त्यात ५ म्हणजे पुन्हा १५. चूक साडेचार-साडेपाच मिलिग्रॅमवरून ०.५७ वर आली.

पण एका आकड्यावरून पद्धतीची पारख होत नाही. पारख होते ती पायरी लहान केल्यावर चूक किती वेगाने घटते यावरून. पायरी अर्ध्या तासाची केली तर ‘आधी भर, मग निचरा’ ही पद्धत १२.०७ देते आणि पाव तासाची केली तर १३.२१. तिची चूक ४.४३ वरून २.३६ आणि मग १.२१, म्हणजे दर वेळी साधारण निम्मी. सममित पद्धत याच पायऱ्यांना १४.५७ आणि १४.४६ देते. तिची चूक ०.५७ वरून ०.१४ आणि मग ०.०४ पेक्षाही कमी, म्हणजे दर वेळी साधारण पाव. पायरी निम्मी केल्यावर चूक निम्मी होते त्या पद्धतीला पहिल्या कोटीची म्हणतात. चूक पाव होते तिला दुसऱ्या कोटीची. पायरी दहापट लहान केली तर पहिलीची चूक दहापट घटते, दुसरीची शंभरपट.

हे का होते, ते औषधाच्या थेंबांकडे पाहिले की उमगते. तासाच्या सुरुवातीला पडलेल्या थेंबावर जवळजवळ पूर्ण तासभर निचऱ्याचा परिणाम होतो, शेवटच्या मिनिटाला पडलेल्यावर जवळजवळ होतच नाही. सरासरीने प्रत्येक थेंबाच्या वाट्याला अर्धा तास निचरा येतो. ‘आधी भर’ ही पद्धत सगळ्या थेंबांवर पूर्ण तासाचा निचरा लादते. ‘नंतर भर’ ही पद्धत एकालाही निचरा लागू देत नाही. दोन्हींची चूक साधारण सारखी आणि उलट दिशेची आहे. सममित मांडणीत निम्म्या औषधाला पूर्ण तास निचरा मिळतो, निम्म्याला अजिबात नाही. सरासरी पुन्हा अर्धा तास. क्रमामुळे आलेली मोठी चूक इथे दोन्ही बाजूंनी कापली जाते.

मग ०.५७ ची चूक उरली कुठून? निचरा सरळ रेषेत होत नाही म्हणून. एक मिलिग्रॅम औषधातले तासाने अर्धे उरते, पण अर्ध्या तासाने ०.७५ उरत नाही, ०.७१ उरते. सममित पद्धत सुरुवातीचे १ आणि शेवटचे ०.५ यांची सरासरी, म्हणजे ०.७५ धरते. खरी सरासरी तासभराच्या वक्रावरची असते आणि ती ०.७२ भरते. उरलेली चूक या वक्रतेची आहे. पायरी लहान केली की वक्राचा तुकडा झपाट्याने सरळ रेषेजवळ येतो, म्हणून ही चूकही झपाट्याने विरते.

ही झाली या एका उदाहरणाची फोड. दोन उपक्रिया कोणत्याही असोत, सममित क्रमाने दुसरी कोटी मिळतेच, याचे कारण अधिक खोल आहे आणि ते काळ उलटा फिरवून दिसते. शरीरात औषध शून्य असताना सुरुवात करा. सममित पायरी: ५ मिळवा, निम्मे करा म्हणजे २.५, पुन्हा ५ मिळवा म्हणजे ७.५. आता तीच पायरी एक तास मागे चालवा. मिळवण्याऐवजी वजा, निम्म्याऐवजी दुप्पट: ७.५ मधून ५ गेले २.५, दुप्पट ५, त्यातून ५ गेले शून्य. नेमके मूळ जागी. ‘आधी भर’ पद्धत पुढे गेल्यावर ५ वर पोचते. तीच कृती त्याच क्रमाने मागे चालवली तर ५ मधून १० गेले उणे ५, दुप्पट उणे १०. घर चुकले.

आता समजा, एका पायरीत होणाऱ्या चुकीमध्ये पायरीच्या लांबीच्या वर्गाचा भाग आहे. मागे जाताना लांबी उणे होते, पण उणे संख्येचा वर्गही अधिकच असतो. म्हणजे जातानाची आणि येतानाची चूक एकाच दिशेची. त्यांची बेरीज होणार आणि परतल्यावर मूळ जागा सापडणार नाही. सममित पायरी तर नेमकी परतते. तेव्हा तिच्यात हा वर्गाचा भाग असूच शकत नाही. घनाचा भाग असू शकतो, कारण उणे संख्येचा घन उणे असतो आणि जाता-येता तो फिटतो. एका पायरीतली चूक घनाच्या प्रमाणात आणि पायऱ्यांची संख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून शेवटची एकूण चूक वर्गाच्या प्रमाणात उरते. हीच दुसरी कोटी.

एवढ्या फायद्यासाठी जास्तीचे काम जवळजवळ करावे लागत नाही. एका पायरीच्या शेवटचे ५ आणि पुढच्या पायरीच्या सुरुवातीचे ५ लागोपाठ येतात, म्हणून ते एकत्र करून १० मिळवता येतात. मग अगदी पहिल्यांदा ५, मधे निम्मे-१०-निम्मे-१० असा साधाच क्रम, आणि शेवटी ५.

अमेरिकी गणिती गिल्बर्ट स्ट्रँग यांनी ही मांडणी १९६८ मध्ये एका शोधनिबंधात दिली. रेषीय बीजगणितावरच्या त्यांच्या चित्रफिती अभियांत्रिकीच्या असंख्य विद्यार्थ्यांनी पाहिल्या आहेत. त्याच सुमारास सोव्हिएत संघात गुरी मार्चुक हवामानाच्या गणितासाठी अशाच फोडीवर काम करत होते, म्हणून पद्धतीला दोघांचीही नावे जोडली जातात. वाऱ्याबरोबर प्रदूषक वाहून जाणे आणि वाटेत त्यांच्यावर रासायनिक क्रिया होणे, असे दोन भाग हवेच्या गणितात वेगळे काढता येतात. त्याआधी १९६७ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर काढली होती. त्यांच्या पद्धतीची आजची प्रचलित मांडणी हीच आहे: बलाचा अर्धा धक्का, पूर्ण पायरीभर सरळ प्रवास, पुन्हा अर्धा धक्का.

दोन कोटी मिळाल्या, तर तीन-चार का नकोत? सममित पायऱ्या आणखी जोडून चौथी कोटी गाठता येते, पण त्याची एक अट आहे. साध्या, वास्तव संख्यांच्या पायऱ्या एकामागून एक जोडून दोनच्या वर जायचे तर दोन्ही उपक्रियांना कुठेतरी मागे चालवावे लागते. अणूंना किंवा ग्रहांना मागे चालवणे चालते. उष्णतेचा प्रसार मागे चालवला तर बारीकसारीक चुका अफाट वाढतात आणि गणित कोलमडते. म्हणून प्रसाराच्या गणितात ही साधी वाट दुसऱ्या कोटीवर थांबते.

दुसऱ्या कोटीलाही मर्यादा आहेत. वरच्या उदाहरणात औषध तासाऐवजी दर पाच मिनिटांनी निम्मे होते असे धरा. खरी पातळी १.२० मिलिग्रॅम. तासाभराची सममित पायरी मात्र ५.०० सांगते, कारण तिने शेवटी मिळवलेले ५ मिलिग्रॅम निचरा न होताच मोजले जातात. पायरी अर्ध्या तासाची केली तर उत्तर २.५८, चूक ३.८० वरून १.३८ वर येते, पाव होत नाही. एखादी उपक्रिया पायरीच्या मानाने फार वेगवान असेल तर दुसऱ्या कोटीचे वचन पाळले जात नाही. पायरी त्या वेगाच्या मापाची झाली तरच ते खरे ठरते. तसेच एखादी उपक्रिया स्वतःच पहिल्या कोटीच्या ढोबळ सूत्राने सोडवली, तर क्रम कितीही सममित ठेवला तरी एकूण उत्तर सहसा पहिल्या कोटीचेच राहते.

खरे उत्तर माहीत नसताना हे ओळखायचे कसे? तेच गणित तीनदा करावे, दर वेळी पायरी निम्मी करून. तासाच्या औषधासाठी सममित पद्धतीची उत्तरे १५, १४.५७ आणि १४.४६ होती. पहिल्या दोघांतला फरक ०.४३, पुढच्या दोघांतला ०.११, पहिला दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट. हे गुणोत्तर चारच्या आसपास आले तर दुसरी कोटी खरोखर मिळते आहे. ते दोनकडे झुकले, तर पायरी मोठी आहे किंवा आज्ञावलीत कुठेतरी सममिती मोडली आहे, आणि त्या उत्तरावर विसंबण्यापूर्वी ती जागा शोधलीच पाहिजे.