अनुभवपत्रातली शेवटची तारीख

समजा, पुण्याजवळच्या एका कारखान्यात एक तरुणी ३ जून २०१९ रोजी लेखा विभागात कनिष्ठ सहायक म्हणून लागली. १ एप्रिल २०२१ ला तिला बढती मिळाली. पुढे राजीनामा देऊन १४ ऑगस्ट २०२४ ला ती बाहेर पडली आणि १९ तारखेला दुसरीकडे रुजू झाली. जुन्या कंपनीत तिचा हिशेब चुकता व्हायला महिनाअखेर उजाडली, म्हणून एचआरने अनुभवपत्रात ‘३१ ऑगस्टपर्यंत कार्यरत’ असे लिहून टाकले. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत मात्र नोकरी सोडल्याची तारीख १४ ऑगस्टच होती. नव्या कंपनीच्या पडताळणीत ती १३ दिवस दोन्हीकडे नोकरी करत असल्याचे दिसले. चूक कारकुनाची आणि खुलासे देत बसायची वेळ तिच्यावर!

म्हणून पत्र लिहिणाऱ्याने नेमणूकपत्र, बढतीचा आदेश आणि निधीची नोंद समोर ठेवूनच तारखा घालाव्यात. शेवटचा दिवस म्हणजे प्रत्यक्ष सेवेचा शेवटचा दिवस. हिशेबाचा किंवा पत्र टाइप झाले तो नव्हे. पदेही तारखांसह यावीत. नुसते शेवटचे पद लिहिले तर पाचही वर्षे ती त्याच पदावर होती असा समज होतो. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर सेवापुस्तकातले नाव आणि आताचे नाव दोन्ही द्यावीत.

बाकी गोष्टी थोडक्यात: कंपनीचे लेटरहेड, जावक क्रमांक, पत्राची तारीख, कर्मचारी क्रमांक, सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क. कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’साठी अर्ज करणाऱ्याला एवढे पुरत नाही. तिथे कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि वार्षिक पगारही लागतो.

खरी कसरत वर्तनाविषयीच्या वाक्यात असते. ‘कामात हलगर्जी होती’ हे साहेबांचे मत झाले. नोटीस किंवा चौकशीचा कागद नसेल, तर ते कंपनीच्या अंगाशी येऊ शकते. याउलट, गैरव्यवहार सिद्ध होऊन काढलेल्या माणसाला ‘अत्यंत प्रामाणिक’ म्हणणे ही पुढच्या मालकाची फसवणूक आहे. अशा वेळी पत्र सेवेच्या तपशिलापुरतेच ठेवावे. ‘राजीनामा दिला’ हेही खरोखर राजीनामा असेल तरच लिहावे. आपल्या उदाहरणात एवढे पुरे: ‘त्यांनी ३ जून २०१९ ते १४ ऑगस्ट २०२४ या काळात लेखा विभागात काम केले. खरेदीची बिले तपासणे आणि जीएसटीची विवरणपत्रे तयार करणे हे त्यांचे काम होते. सेवाकाळात त्यांचे वर्तन समाधानकारक होते.’

चूक निघालीच, तर जुन्या पत्रावर खाडाखोड करून शिक्का मारू नये. नव्या जावक क्रमांकाने दुरुस्त पत्र द्यावे, त्यात आधीच्या पत्राचा क्रमांक आणि ते रद्द केल्याचा उल्लेख करावा आणि प्रत कर्मचाऱ्याच्या फाइलला लावावी. पुढच्या पडताळणीचा फोन आला की हीच फाइल उघडली जाते.