आधीच्या कंपनीच्या पगाराचे कागद, २० जूनपर्यंत

आयकर रिटर्नची शेवटची तारीख ३१ जुलै हे पगारदार माणसाला पाठ असतं. म्हणून सीएने नुसतं ‘कागद पाठवा’ असं लिहिलं, तर कागद जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच येतात. अनुभवी सीए मेलमध्ये प्रत्येक कागदापुढे वेगळी तारीख घालतो, आणि त्या तारखेला कारण असतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरी बदललेल्या एका बाईंना जूनच्या मध्याला असा मेल येतो:

नमस्कार मॅडम,
नव्या कंपनीचा फॉर्म १६ मिळाला. अजून हे यायचं आहे:
१. आधीच्या कंपनीचा फॉर्म १६. नसेल तर एप्रिल ते सप्टेंबरच्या पगाराच्या स्लिपा आणि फुल अँड फायनलचा कागद – २० जून
२. एफडीच्या व्याजाचं बँकेचं सर्टिफिकेट – ३० जून
३. म्युच्युअल फंडाचं कॅपिटल गेन स्टेटमेंट – ५ जुलै

पहिल्या ओळीची घाई का, ते हिशोबातच दिसतं. आधी पगार महिना एक लाख होता, म्हणजे वर्षाचे बारा लाख. नव्या करपद्धतीत त्यावर कर बसत नाही, म्हणून त्या कंपनीने काहीच कापलं नाही. नव्या कंपनीने सहा महिन्यांचे साडेसात लाखच धरले, तिनेही काही कापलं नाही. पण एकत्र केले की साडेतेरा लाख होतात. ७५ हजारांची प्रमाणित वजावट एकदाच मिळते. उरलेल्या पावणेतेरा लाखांवर सेससह ७४,१०० रुपये कर निघतो. बाईंना वाटत असतं की पगारावरचा कर कंपनीने बघितला आहे.

हा कर आगाऊ न भरल्यामुळे त्यावर एप्रिलपासून महिन्याला एक टक्का, म्हणजे ७४१ रुपये व्याज चढतं, आणि महिन्याचा एखादा दिवससुद्धा पूर्ण महिना धरला जातो. २० जूनला कागद आले तर जूनमध्येच चलन भरता येतं. शिवाय एवढी रक्कम उभी करायला माणसाला थोडे दिवस लागतातच.

ओळीतलं ‘नसेल तर’ही महत्त्वाचं आहे. जिथे कर कापलाच नाही, तिथे कंपनीवर फॉर्म १६ देण्याचं बंधन नसतं. तो आला नाही म्हणून तो पगार नाहीच, असं समजून रिटर्न भरलं तर उत्पन्न लपवल्यासारखं होतं.

बँकेचं व्याज आयकराच्या पोर्टलवर एआयएसमध्ये बहुधा दिसतं, त्यामुळे तिथे सर्टिफिकेट ताडून पाहायलाच लागतं. फंड तोट्यात विकले असतील तर मात्र ३१ जुलै पाळावीच लागते. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न भरता येतं, पण या उत्पन्नाला पाच हजार रुपये विलंब शुल्क लागतं, आणि शेअर-फंडांचा तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वळता करण्याचा हक्क जातो.