साठ हजार युरोंतले हातात किती?

पुण्यात वीस लाखांच्या पॅकेजवर काम करणाऱ्या एखाद्या इंजिनिअरला म्युनिकहून वर्षाला ६०,००० युरोंची ऑफर येते. युरो शंभर रुपयांचा धरला, तर हे साठ लाख होतात. घरात लगेच ‘तिप्पट पगार’ असा शब्द फिरू लागतो आणि निर्णय त्या एका शब्दावर होतो. माझं म्हणणं असं, की या दोन आकड्यांची थेट तुलनाच होऊ शकत नाही. तुलना करायचीच तर महिनाअखेरीस उरणाऱ्या पैशांची करावी, आणि ते किती उरतील हे बायको-मुलं कुठे राहणार यावर पुष्कळ अवलंबून असतं.

सुरुवात पुण्यापासून करू. वीस लाखांच्या सीटीसीत कंपनीने भरायचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते, बहुतेकदा व्हेरिएबलही. मूळ पगार आठ लाख धरला आणि व्हेरिएबल पूर्ण मिळालं, तर २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत प्राप्तिकर व स्वतःचा पीएफ वजा होऊन महिन्याला सरासरी १,३३,००० रुपये हातात येतात. जर्मनीतली रक्कम वेगळ्या पद्धतीने सांगतात. तिथल्या ऑफर लेटरवरचा आकडा ‘ब्रुटो’ असतो, म्हणजे कपातीआधीचा पगार. कंपनीने भरायचा विम्याचा वाटा त्यात नसतो, तो कंपनी वरून भरते. म्हणजे सीटीसी आणि ब्रुटो यांच्यात मुळातच फरक आहे.

आता म्युनिकची पगाराची स्लिप पाहू. दरमहा ५,००० युरो ब्रुटो. २०२५ च्या दरांनी पेन्शन विम्याला ९.३ टक्के म्हणजे ४६५ युरो, आरोग्य विम्याला सव्वाचारशेच्या वर, बेरोजगारी विम्याला ६५, वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्याला १२०. हे सगळे मिळून सुमारे १,०७५ युरो प्राप्तिकराआधीच जातात. प्राप्तिकर मग करवर्गानुसार कापतात. अविवाहित माणूस पहिल्या वर्गात येतो. त्याचा कर महिन्याला आठशे युरोंच्या जवळपास जातो आणि हातात सुमारे ३,१२५ येतात. म्हणजे ऑफरमधल्या पाच हजारांतले तीनअष्टमांश गेले.

नेमकी गफलत होते ती इथे. लग्न झालेल्या आणि जोडीदार न कमावणाऱ्या माणसाला तिसरा करवर्ग मिळतो, त्यात कर जवळजवळ निम्मा होतो. पण त्यासाठी जोडीदार जर्मनीत राहायला हवा. बायको पुण्यातच राहिली, तर लग्नाचं सर्टिफिकेट दाखवूनही करवर्ग पहिलाच राहतो. ‘आधी मी एकटा जातो, वर्षभर बघतो, मग तुम्हाला नेतो,’ असं म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट नसते.

घराचं भाडं हा पुढचा मोठा खर्च. जाहिरातीत ‘काल्टमिटे’ दिसतं, म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असं सगळं धरून जे होतं ते ‘वार्ममिटे’. वीज बहुतेकदा त्याच्याही बाहेर. म्युनिकमध्ये ५० चौरस मीटरचं घर ११०० काल्ट दिसत असेल, तर १३०० वार्म धरावं. वीज, इंटरनेट, फोन आणि प्रत्येक घराला भरावं लागणारं रेडिओ-टीव्हीचं शुल्क (महिना १८.३६ युरो) मिळून १२०. सर्व बस-लोकलसाठीचा पास २०२५ मध्ये ५८. किराणा-भाजीला साडेतीनशे, कपडे-औषधं-इकडचंतिकडचं दोनशे, वर्षातून एकदा घरी यायच्या तिकिटाचे महिन्याला सत्तर. हे सगळं वजा केल्यावर एक हजार युरो उरतात.

आता घरी पाठवायचे पैसे. पुण्यात असताना याच माणसाचं घरभाडं ३५,००० होतं, घरखर्च ४०,०००, सांगलीला आई-वडिलांना १०,०००. बायको नोकरी करत नाही असं धरू. महिन्याला ४८,००० शिल्लक पडत होते, आणि पीएफ वेगळा. तो एकटा म्युनिकला गेला, तर पुण्याचं भाडं तेवढंच राहतं, घरखर्च फक्त एका माणसाचा कमी होतो. दरमहा ७७,००० पाठवावेच लागतात, म्हणजे ७७० युरो. हजारातून ते गेले की उरतात २३० युरो, साधारण तेवीस हजार रुपये. पगार तिप्पट झाला, आणि बचत पुण्यातल्या बचतीच्या निम्म्यावर आली. दोन चुली पेटवल्या की असं होतं.

बायको आणि एक मूल सोबत नेलं तर चित्र पालटतं. तिसऱ्या वर्गात हातात साधारण ३,५२५ येतात, मुलामागे सरकारकडून २०२५ मध्ये २५५ युरोंचा बालभत्ता. न कमावणारी पत्नी आणि मूल त्याच आरोग्य विम्यात जादा हप्त्याशिवाय सामावतात. घर मोठं लागतं, त्याचे वार्म १,८५० धरू. बाकी खर्च आणि तिघांची तिकिटं मिळून चौदाशेच्या पुढे. आई-वडिलांना शंभर युरो. शिल्लक चारशे युरोंच्या थोडी वर. पुण्यातल्या ४८,००० पेक्षा किंचित कमी, पण कुटुंब एकत्र आणि हातात जर्मनीतला अनुभव.

म्हणूनच म्युनिकच्याच ऑफरला चिकटून बसू नये, असं मी म्हणेन. समजा लाइपत्सिगमधून ५२,००० ची ऑफर आहे. आठ हजारांनी कमी, म्हणून ती बाजूला टाकावीशी वाटेल. बालभत्त्यासह हातात साधारण ३,३७५ येतील, पण तिथे तेवढंच घर हजार युरो वार्मला मिळालं, तर त्याच खर्चांनंतर साडेआठशे उरतील. कमी पगाराच्या ऑफरमध्ये शिल्लक दुप्पट पडते.

आई-वडिलांना पाठवलेल्या पैशांवर जर्मनीत काही सूट मिळू शकते. मात्र त्यांचं स्वतःचं उत्पन्न नगण्य असायला हवं आणि सूटही मर्यादित आहे: भारतासाठी जर्मनीच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश, म्हणजे २०२५ साठी माणशी वर्षाला ३,०२४ युरो. २०२५ पासून पैसे त्यांच्या बँक खात्यातच गेले पाहिजेत, कुणाच्या हाती पाठवलेली रोकड चालत नाही. वडिलांना चांगली पेन्शन असेल, तर ही सूट हिशेबात धरूच नये.

पेन्शन विम्यात गेलेले ४६५ युरो बुडाले असंही नाही. साठ महिने पूर्ण होण्याआधी कायमचं भारतात परतणाऱ्याला, जर्मनी सोडून दोन वर्षं झाल्यावर, स्वतःचा वाटा अर्ज करून परत मिळतो. कंपनीचा वाटा मिळत नाही. साठ महिने झाले, तर पैसे परत मिळत नाहीत, पण वय झाल्यावर पेन्शनचा हक्क राहतो.

सही करण्याआधी एचआरला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. साठ हजार बारा हप्त्यांत मिळणार की तेरा, कारण तेरा असतील तर महिन्याचा ब्रुटो ४,६१५ च होतो. आणि त्यात बोनस धरलेला आहे का, असल्यास तो नक्की आहे की कामगिरीवर. शिवाय जाताना थोडी पुंजी लागते. घरमालक तीन महिन्यांच्या काल्टमिटेइतकं डिपॉझिट मागू शकतो, बऱ्याच घरांत स्वयंपाकघराचं फर्निचरही नसतं, आणि पहिला पगार महिनाअखेरीस येतो. कुटुंबासाठी म्युनिकमध्ये घर घ्यायचं तर सात-आठ हजार युरो, म्हणजे सात-आठ लाख रुपये, पुण्यातूनच सोबत न्यावे लागतात.