सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा

काकांच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपने बीपीची सरासरी दाखवली, १३७/८४. घरी मोजताना सरासरी १३५/८५ च्या खाली हवी, म्हणजे वरचा आकडा किंचित जास्त, इतकंच. पण डॉक्टरांनी नोंदी वेळेनुसार वेगळ्या करायला लावल्या, तेव्हा सकाळची सरासरी १४६/८८ निघाली आणि संध्याकाळची १२८/८०. काका गोळी सकाळी घेतात. तिचा असर पहाटेपर्यंत पुरत नसावा, असा डॉक्टरांना संशय आला.

म्हणून प्रत्येक नोंदीसोबत वेळ ठेवणारं, सकाळ-संध्याकाळ वेगळी दाखवणारं आणि पीडीएफ काढून देणारं अ‍ॅप निवडावं. नुसतं कॅमेऱ्यावर बोट ठेवायला सांगून बीपी ‘मोजणारी’ अ‍ॅप्स मात्र सोडा. मोजायला दंडाला पट्टा बांधायचं यंत्रच हवं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस मोजा. पाच मिनिटं शांत बसून, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सरासरीत धरत नाहीत. काका जास्त आलेला आकडा पुसून पुन्हा मोजायचे! तो राहू द्यावा, शेजारी ‘झोप झाली नाही’ असं लिहावं.